खालांच्या अपॉइंटमेंटचं पत्र

नववीच्या मुलांना विनंतिपत्र लिहायला सांगितलं की 'लवकरात लवकर' हे शब्द प्रत्येक वहीत सापडतात. माझ्या खालेरा भावानं दवाखान्याला पाठवण्यासाठी जो मजकूर माझ्याकडे तपासायला दिला, त्यात ते तीनदा होते. 'आई फार वृद्ध आहे, खूप त्रास होतो, कृपया लवकरात लवकर वेळ द्यावी, उपकार होतील.' पोटविकारतज्ज्ञांची तारीख २२ दिवसांनंतरची मिळाली होती. घाई असेल तर ई-मेल करा, डॉक्टरांना दाखवते, एवढं रिसेप्शनवरच्या मुलीनं सांगितलं होतं.

मजकूर नम्र होता, शुद्धही होता. पण असे मेल तिथं रोज येत असणार. सगळेच वृद्ध, सगळ्यांनाच त्रास. त्यातून कुणाला आधी बोलवायचं हे डॉक्टरांनी कशावरून ठरवावं? त्यांना हवं असतं ते एवढंच : काय होतंय, कधीपासून, आणि किती वेगानं वाढतंय.

म्हणून मी आधी खालांकडे जाऊन बसले. त्या ७२ वर्षांच्या. विचारलं की एकच उत्तर, "निवाला जरा अटकता है बेटा, बाकी कुछ नहीं." कधीपासून? "बहुत दिन हुए." तारीख विचारून काही हाती लागणार नव्हतं, त्यांचं कॅलेंडर वेगळं आहे. मी विचारलं, "खाला, रमजानात सहरीला रोटी नीट जात होती?" जात होती. बकरी ईदला? तेव्हा गोश्त अडकलं होतं, पाणी पिऊन उतरवलं, पाहुण्यांसमोर शरम वाटली म्हणून बोलल्या नाहीत. मोहरममध्ये? तेव्हापासून रोटी शोरब्यात भिजवूनच. आणि आता? आता पातळ खिचडी, खीर आणि चहा.

माझ्या वहीत मार्च, जून, जुलै आणि ऑगस्ट असे चार महिने उतरले, आणि मला भीती वाटली. आधी घट्ट अन्न अडकणं, मग मऊ, मग फक्त पातळच उतरणं, ही अन्ननलिका हळूहळू अरुंद होत असल्याची खूण असू शकते. या वयात तिथं दुर्बीण घालून पाहायला उशीर करायचा नसतो. कारण साधंही असू शकतं, आम्लानं झालेला व्रण भरताना नळी आक्रसते. गाठही असू शकते. बाहेरून ते ओळखता येत नाही.

वजनाचा पुरावा घरातच होता. खालांना साखरेचा आजार आहे, आणि त्यांचे डॉक्टर दर भेटीला कागदाच्या कोपऱ्यात वजन लिहितात. मार्चमध्ये ५८ किलो, ऑगस्टमध्ये ५१. त्यांनी ना डाएट केलं होतं, ना चालायला जात होत्या.

पत्र दहा-बारा ओळींचं झालं. विषयात लिहिलं : 'वय ७२, गिळण्याचा त्रास वाढता, ५ महिन्यांत ७ किलो वजन कमी.' खाली महिन्यांचा क्रम. मग औषधं : साखरेच्या गोळ्या आणि हृदयासाठी चालू असलेली रक्त पातळ करणारी गोळी. ती गोळी दुर्बिणीआधी बंद करायची का, कधी करायची, हे डॉक्टरांनीच ठरवायचं असतं, आपण मनानं नाही. म्हणून तसा प्रश्नच लिहिला. तपासणीला काही तास उपाशी राहावं लागतं आणि साखर उतरू शकते, म्हणून सकाळची वेळ मागितली. कुणी रद्द केलं तर दोन तासांत पोहोचू, असंही लिहिलं. फोन भावाचा दिला नाही, तो कंपनीत मोबाइल आत नेऊ शकत नाही. माझा आणि सुनेचा दिला.

एक अडचण आपल्या घरांतली. आधारवर खालांच्या नावापुढे 'बी', रक्ताच्या रिपोर्टवर 'बेगम', जुन्या फाइलवर नवऱ्याचं नाव गाळलेलं. तिन्ही कागद एकाच बाईचे आहेत हे पत्रात स्पष्ट लिहिलं, नाहीतर तिच्या नावाच्या तीन फाइली व्हायच्या. फॅमिली डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठीही जोडली, कारण तज्ज्ञ ती आधी वाचतात.

पाठवण्याआधी ते खालांना उर्दूत वाचून दाखवलं. त्यांच्या शरीराबद्दल लिहिलं होतं, त्यांची परवानगी हवीच. वजनाच्या ओळीला थांबून म्हणाल्या, "सात किलो? ये मत लिख, बच्चे डर जाएँगे." मी म्हणाले, "खाला, हीच ओळ डॉक्टर वाचतील." बराच वेळ गप्प राहून त्यांनी मान हलवली.

मंगळवारी मेल गेला. संध्याकाळी सुनेला फोन आला. त्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी जातंय ना? थुंकी गिळता येते?" येत नसेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीला आणा, असं बजावलं. मग गुरुवारी सकाळी साडेआठची वेळ दिली.

गुरुवारी दुर्बीण झाली. नळी एका ठिकाणी अरुंद दिसली, तिथला तुकडा तपासायला पाठवलाय. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात येईल. तोवर खालांना सगळं पातळ द्यायचं आहे, आणि सून शोरबा गाळून देते.