पाचगणीची चार दिवसांची शिकवणी

सांगलीच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षे हळद आणि बेदाण्याचा व्यापार केलेल्या एका गृहस्थांनी गादी मुलाच्या हाती दिली, तेव्हा घरच्यांनी त्यांच्यासमोर यात्रेच्या तीन-चार सहली मांडल्या. त्यांनी निवडली ती सुटी ऐकून सर्वांना नवल वाटले: पाचगणीला चार दिवस राहायचे आणि स्वयंपाक शिकायचा. कारण घरातलेच होते. पत्नीच्या बोटांना संधिवाताने ग्रासले होते. भाकरी थापणे, मसाला कुटणे, जड पातेले उतरवणे तिला जमत नव्हते. सून नोकरीनिमित्त पुण्यात होती. स्वयंपाकाला बाई ठेवावी, तर सोळ्याचे नियम कोण सांभाळणार, हा पत्नीचा प्रश्न. ‘‘मग मी शिकतो,’’ असे ते म्हणाले, तेव्हा ती हसली होती. पण नाही म्हणाली नाही.

व्यापाऱ्याने माल घ्यावा तशी त्यांनी शिकवणी पारखून घेतली. पहिल्या हॉटेलात फोन लावला. ‘‘जैन जेवण मिळेल का?’’ या प्रश्नाला तत्काळ होकार आला. मग त्यांनी दुसरा प्रश्न केला, ‘‘कांदा-लसूण काढल्यावर त्या जागी तुम्ही काय घालता?’’ पलीकडे क्षणभर शांतता पसरली. उत्तर आले, ‘‘घालत नाही, फक्त काढतो.’’ तिथली रश्श्याची वाटणे सकाळीच एकत्र करून ठेवलेली असत, वर्ग सायंकाळी सातला सुरू होई. जानेवारीत पाचगणीला सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. अर्थात शिकलेला पदार्थ चाखण्याची वेळ येईपर्यंत या दांपत्याचे जेवण संपलेले असणार. दुसऱ्या ठिकाणी पंधरा माणसे एका ओट्याभोवती उभी राहून बघत. ती शिकवणी नव्हे, प्रयोग पाहणे. तिसऱ्या ठिकाणी एका काकूंच्या बंगल्यात चारच माणसे, चार शेगड्या, आणि काम सकाळी नऊ वाजता. काकूंचे उत्तर ऐकून गृहस्थांनी सौदा पक्का केला: ‘‘कांद्याचा दाटपणा खोबरे, तीळ आणि शेंगदाण्यातून आणू. वासासाठी हिंग आहे आणि दगडफूल आहे. पण चव वेगळी होईल, तीच ती म्हणणार नाही.’’

साताऱ्याकडच्या स्वयंपाकात कांदा-लसूण मसाल्याचे राज्य असल्यामुळे हा प्रश्न तिथे टाळता येत नाही. काकूंनी त्यासाठी वाघ्या घेवड्याची आमटी निवडली. कोरेगाव तालुक्यातल्या या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दाण्यावरच्या पट्ट्यांमुळे तो वाघ्या. पहिल्या दिवशी पसरणीचा घाट उतरून सारे वाईच्या बाजारात गेले. बेदाण्याचा दाणा ज्या बोटांनी पारखला होता त्याच बोटांनी गृहस्थांनी घेवडा चोळला. नवा दाणा तुकतुकीत आणि पट्टे स्पष्ट असलेला. जुना मळकट, सुरकुतलेला. जुन्या घेवड्यात गणंग दाणे जास्त, ते कितीही शिजवले तरी दाताखाली कडक लागतात. दुकानदाराने पाचगणीतल्या बड्या हॉटेलांचे नाव घेऊन महाग माल पुढे केला. गृहस्थांनी मूठभर दाणे तळहातावर घेतले आणि शेजारच्या पोत्यातला घेतला. परत येताना स्ट्रॉबेरीच्या टोपल्या दिसल्या. काकूंनी टोपलीचा तळ पाहायला सांगितले. देठाजवळ पांढरे राहिलेले फळ तोडल्यावर रंग धरले तरी गोड होत नाही. ज्यांच्याकडे बहुबीज वर्ज्य, त्यांना हा प्रश्नच नाही. या दांपत्याने दोन खाल्ल्या. मधाची चव देणारे दुकान आले तेव्हा ते पुढे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झाले. पाणी रात्रभर ठेवायचे नाही, हा पत्नीचा नियम. म्हणून निवडलेला एक वाटी घेवडा पहाटे साडेसहाला गाळलेल्या गरम पाण्यात भिजत घातला आणि साडेदहाला ते पाणी टाकून दिले. पातेल्यात ताजे पाणी घेऊन तो शिजवायला ठेवला. कुकर का नाही, असे गृहस्थांनी विचारले. ‘‘दाणा कसा बदलतो ते दिसलं पाहिजे, काका,’’ असे काकू म्हणाल्या. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचावर आहे. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते आणि आच कितीही वाढवली तरी त्यापलीकडे तापत नाही. सांगलीत एका तासात शिजणारे कडधान्य तिथे जास्त वेळ घेते. घाई केली तर वर फुटलेला आणि आत कच्चा घेवडा ताटात येतो. तो नुसता बेचव नसतो. अर्धवट शिजलेल्या घेवड्याने उलट्या-जुलाब होतात. दाणा दोन बोटांत दाबून मध्ये पांढरा कणा उरला नाही, याची खात्री त्यांनी तीनदा केली. चिंच आणि गूळ शेवटी, कारण आंबट आधी पडले की दाणा मऊ होणे थांबतो. सव्वा तास झाला तेव्हा कुठे मन भरले.

दरम्यान वाटण. दोन चमचे सुक्या खोबऱ्याचा कीस, एक चमचा तीळ, एक चमचा धणे, अर्धा चमचा जिरे, दोन लवंगा, दालचिनीचा छोटा तुकडा, दगडफूल चिमूटभर आणि चार ब्याडगी मिरच्या. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. गृहस्थांनी वेळ वाचवण्यासाठी तीळ-खोबरे एकत्र टाकले. खोबरे लाल व्हायच्या आतच तीळ करपले, आणि तो कडवटपणा कशानेही जात नाही. वाटण टाकून पुन्हा करावे लागले. दुसऱ्या वेळी तीळ तडतडू लागताच ते उतरवले. तेल तापल्यावर हिंग घातला. तो कोरडा वरून भुरभुरला तर उग्र राहतो, तेलात फुलला की लसणाच्या जवळचा वास देतो. मग वाटण, हळद, दोन चमचे दाण्याचे कूट, घेवडा, मीठ. दाटपणा कमी वाटला तेव्हा काकूंनी एक पळीभर घेवडा डावाने ठेचून आमटीतच मिसळायला लावला. कांद्याने येणारे अंग त्यातून आले. हळद चालते कशी, असे गटातल्या एका मुलीने विचारले. पत्नीने सांगितले, ‘‘ओला कंद नाही, वाळलेली चालते. सुंठीचंही तसंच.’’ शेजारी ताकाची वाटी आली तेव्हा तिने ती दूर सरकवली: कडधान्याबरोबर कच्चे ताक म्हणजे द्विदल.

सर्वांनी चाखले. पत्नी काही बोलली नाही, फक्त दुसऱ्यांदा वाढून घेतले. तिसऱ्या दिवशी ज्वारीच्या भाकऱ्या होत्या. उकळत्या पाण्याने उकड काढूनही त्यांच्या भाकऱ्यांना कोकणच्या किनारपट्टीसारख्या कडा आल्या. चौथ्या दिवशी एक फुगली.

सांगलीला परतल्यावर पहिल्या रविवारी त्यांनी घेवडा केला. वहीत लिहिल्याप्रमाणे घड्याळ लावून ते पेपर वाचत बसले. सव्वा तासाने झाकण काढले तर दाण्यांचा लगदा झाला होता. पाणी इथे ९८ अंशांवर उकळते, हे लक्षातच राहिले नव्हते. पत्नीने स्वयंपाकघराच्या दारातून वाकून पाहिले. ‘‘अहो, घड्याळ नका बघू, दाणा बघा,’’ म्हणाली आणि पाट ओढून तिथेच बसली. त्यांनी वहीतला सव्वा तास खोडला, ‘सांगली: पाऊण तासापासून दाणा दाबून पाहणे’ असे लिहिले आणि लगद्यात वाटण मिसळायला घेतले.