शेकडा एक की वर्षाला साडेबारा?

आमच्या रोहा-पेण भागात खासगी देवघेवीतले व्याज महिन्याच्या हिशेबात बोलतात. "शेकडा एक" म्हटले की शंभराला महिना एक रुपया. बँक आणि पोस्ट मात्र वर्षाचा दर सांगतात. दोन्ही भाषा एकाच घरात आल्या की घोटाळा होतो.

माझी अक्का पेणला राहते. भावजी धाटावच्या कारखान्यातून निवृत्त झाले, हाती फंडाची रक्कम आली, आणि ओळखीचे दोघे घरी येऊ लागले. एक म्हणाला, शेकडा एक देतो, दर महिन्याला. दुसरा म्हणाला, वर्षाला साडेबारा टक्के, वर्ष संपल्यावर. भावजींनी साडेबाराला बाराने भागले. महिन्याला १.०४ आले. "एकापेक्षा जास्त! दुसराच बरा," असे ते म्हणाले. मला त्यांनी हिशेब तपासायला सांगितला.

येथे भागाकार फसवतो. एक लाखावर पहिल्या महिन्याला १,००० रुपये व्याज. ते मुद्दलात मिळवले तर दुसऱ्या महिन्याला १,०१० रुपये, तिसऱ्याला १,०२० रुपये १० पैसे. व्याजावर व्याज चढते. म्हणून महिन्याच्या दराला बाराने गुणायचे नाही, तर १.०१ ला स्वतःशीच बारा वेळा घ्यायचे. साधा कॅल्क्युलेटर पुरतो. १.०१ गुणिले १.०१ म्हणजे १.०२०१, हे दोन महिने झाले. त्याला त्यानेच गुणले की १.०४०६, हे चार महिने. चार महिन्यांचा आकडा तीनदा गुणाकारात घेतला की वर्ष होते : १.१२६८. म्हणजे शेकडा एक महिना हा वर्षाचा १२.६८ टक्के होतो. लाखाला १२,६८३ रुपये. दुसऱ्याचे १२,५०० च.

आता उलट बाजू. वर्षाच्या १.१२५ वरून महिना काढायचा तर वर्गमूळाचे बटण दोनदा दाबा. पहिल्यांदा सहा महिन्यांचा आकडा १.०६०६६ येतो, दुसऱ्यांदा तीन महिन्यांचा १.०२९८८. घनमूळाचे बटण नसते, म्हणून अंदाजाने चालायचे. १.०१ तीन वेळा गुणले तर १.०३०३ येतात, हे जास्त झाले. १.००९८६ घेतले तर जवळजवळ बरोबर जुळते. म्हणजे साडेबारा टक्के वर्ष हे महिन्याला ०.९८६ टक्के, १.०४ नव्हे.

भावजी म्हणाले, "मग पहिलाच घेऊ." मी विचारले, "महिन्याचे हजार रुपये तुम्ही काय करणार?" अक्का म्हणाली, "किराणा." आणि तिथेच सगळे पालटले. १२.६८ हा आकडा खरा होतो तो प्रत्येक महिन्याचे व्याज पुन्हा त्याच दराने गुंतवले तरच. किराण्यात गेले तर लाखाला वर्षाचे १२,००० च मिळतात, फक्त आधी मिळतात. आणि तो गृहस्थ महिन्याचे हजार परत ठेवून घेणार नसेल, अक्काने ते सात टक्क्यांच्या आवर्तक ठेवीत टाकले, तर? पहिले हजार अकरा महिने राहतील, शेवटचे एकही महिना नाही. व्याज सुमारे ३८५ रुपये. एकूण १२,३८५. म्हणजे दुसऱ्यापेक्षा कमी!

पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेतही हीच गोष्ट आहे. तिचा दर एप्रिल २०२३ मध्ये ७.४ टक्के ठरला. त्या दराने लाखाला महिना ६१७ रुपये. तितक्याच दराने ते पुन्हा गुंतवता आले असते तर वर्षाला ७.६६ टक्के पडले असते. परंतु पोस्टातले व्याज महिन्याच्या महिन्याला उचलले नाही, तर त्या पडून राहिलेल्या रकमेवर व्याज मिळत नाही. मग ते ७.४ चे ७.४ च राहते.

हा हिशेब दर सांगतो, पैसे परत येतील की नाही हे सांगत नाही. पेणकरांना ते वेगळे सांगायला नको. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध आणले आणि ठेवी अडकल्या. बँकेतल्या ठेवीला विमा तरी असतो, तेव्हा एक लाखापर्यंत, २०२० पासून पाच लाखांपर्यंत. शेकडा एक देणाऱ्या गृहस्थाकडे तोही नाही. त्यामुळे १२.६८ आणि ७.६६ या दोन आकड्यांमधले पाच टक्के ही फुकटची कमाई नसून त्या जोखमीची किंमत आहे.

भावजींनी शेवटी दोघांनाही नकार दिला आणि रक्कम पोस्टात ठेवली. अक्काला महिन्याला पैसा हवा होता, तो तिथे मिळतो. आता कोणी नवा दर घेऊन आला की ती दोनच प्रश्न करते : व्याज कधी हातात देणार? आणि ते मी तुमच्याकडेच ठेवले तर त्यावर व्याज द्याल का? उत्तर कागदावर मिळाले तरच ती कॅल्क्युलेटर काढते.