सडपातळ माणसाची चरबी

लठ्ठ माणसाची या जगात एक सोय असते. त्याचा लठ्ठपणा सर्वांना दिसतो. डॉक्टरांना दिसतो, शिंप्याला दिसतो, बायकोला तर सर्वांच्या आधी दिसतो, आणि त्यामुळे त्याला वेळच्या वेळी चार शब्द ऐकवले जातात. सडपातळ माणसाच्या वाट्याला ही सावधगिरी येत नाही. त्याला सगळे जण शाबासकीच देतात.

आमच्या घराण्यात कुणाचे पोट सुटलेले मी पाहिले नाही. वडील तर अगदी शिडशिडीत होते. ते वयाच्या चोपन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले, तेव्हा समाचाराला आलेला प्रत्येक जण एकच वाक्य बोलला, "इतका सडसडीत माणूस, आणि त्याला हे कसे झाले?" त्या प्रश्नाचे उत्तर कुणापाशीच नव्हते. गेल्या वर्षी माझ्या रक्तातली साखर मर्यादा ओलांडून गेल्याचे कागदावर छापून आले, तेव्हा तोच प्रश्न माझ्या घरात पुन्हा उभा राहिला. माझी उंची एकशे सदुसष्ट सेंटिमीटर, वजन बासष्ट किलो. उंचीच्या मानाने वजन काढायचा डॉक्टरांचा जो बॉडी मास इंडेक्स असतो, तो माझा २२.२ भरतो. आपल्याकडे तेवीसच्या आत असला की ठीक समजतात.

हा आकडा ऐकून माझ्या भाच्याने मला एका छायाचित्राची गोष्ट सांगितली. तो पुण्यात पोषणशास्त्राच्या एका प्रयोगशाळेत काम करतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे दोघे मित्र. दोघांचाही इंडेक्स २२.३. पण क्ष-किरणांच्या एका खास यंत्राने दोघांची शरीरे तपासली, तेव्हा युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचे फोटो शेजारी शेजारी छापून आले. काट्यावर जे दोघे सारखे, ते आतून इतके निराळे! वडिलांच्या समाचाराला आलेल्या मंडळींना हे चित्र दाखवायला हवे होते, असे माझ्या मनात आले.

"मग माझी चरबी किती, ते कसे कळायचे?" मी विचारले.

"पाणी मोजून," तो म्हणाला.

हे संभाषण भंडारदऱ्याला चालले होते. दिवाळीची सुटी होती, पावसाळ्याने धरण काठोकाठ भरून ठेवले होते, आणि शेंडीच्या बाजूला काठावर आम्ही बसलो होतो. मी त्याच्याकडे जरा संशयानेच पाहिले. तेव्हा त्याने समोर हात केला.

"मामा, या धरणात पाणी किती?"

"अकरा टीएमसी." नगर जिल्ह्यातल्या माणसाला हे पाठ असते.

"ते कसे कळले?"

"धरण बांधताना जमिनीची मोजणी झाली असेल. पाण्याची उंची पाहिली की साठा सांगता येतो."

"तुमच्या अंगाची तशी मोजणी कुणी केलेली नाही. तिथे दुसरी युक्ती करावी लागते. ठरावीक वजनाचा रंग पाण्यात टाकायचा, तो सगळीकडे सारखा पसरू द्यायचा, मग एक पेलाभर पाणी काढून त्यात रंग किती उरला ते पाहायचे. रंग जितका फिका, तितके पाणी जास्त."

मी म्हटले, "एवढ्या मोठ्या जलाशयात रंग सारखा पसरायला महिने जातील. तोवर प्रवरेतून निम्मा वाहूनही जाईल."

"म्हणूनच ही युक्ती जलाशयापेक्षा माणसाला जास्त चांगली लागू पडते," तो हसून म्हणाला. "तुमचे हृदय दर मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरवते. तीन-चार तासांत रंग सगळ्या अंगभर सारखा होतो, आणि तेवढ्या वेळात बाहेर जाणारे पाणी अगदी थोडे असते."

हा रंग म्हणजे जड पाणी. पाण्यातल्या हायड्रोजनचा एक वजनदार भाऊ आहे, त्याला ड्यूटेरियम म्हणतात. तो निसर्गात सगळीकडे असतो. दर साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एखादा, इतकाच. भंडारदऱ्याच्या पाण्यात आहे आणि आपल्या रक्तातही आहे. किरणोत्सर्गाची त्याला बाधा नाही. अणुभट्ट्यांसाठी लागणारे जड पाणी करण्याचा कारखाना आपल्या अलिबागजवळ थळला आहे. माणसाच्या अंगातले पाणी या मार्गाने मोजण्याची कल्पना मात्र जुनी आहे. हेवेशी आणि होफर या शास्त्रज्ञांनी ती १९३४ साली अमलात आणली. तेव्हा ड्यूटेरियमचा शोध लागून जेमतेम दोन-तीन वर्षे झाली होती.

सुटी संपल्यावर मी पुण्याला गेलो. सकाळी उपाशीपोटी माझे वजन केले. मग कापसाचा बोळा तोंडात घोळवून लाळ घेतली. माझ्या अंगात मुळात किती ड्यूटेरियम आहे, हे आधी ठाऊक हवे म्हणून. नंतर बरोबर तीस ग्रॅम जड पाणी एका बाटलीतून नळीने प्यायला दिले. बाटलीत साधे पाणी घालून, ती विसळून, तेही मला प्यायला लावले. माझ्या ओठांवरून एखादा थेंब तर ओघळत नाही ना, याकडे भाच्याचे असे लक्ष होते, की लहानपणी आईचेही नसेल. मग तीन तास बसवून ठेवले. तीन तासांनी एकदा आणि चार तासांनी एकदा लाळ घेतली. त्याआधी अर्धा तास पाण्याचा घोटही घेऊ दिला नाही. तोंडात ताजे पाणी असले तर रंग उगीच फिका दिसतो. दोन्ही वेळचे आकडे जुळले, तरच पाणी अंगभर सारखे मिसळले असे मानायचे, असा नियम आहे. माझे जुळले.

अवरक्त किरणांच्या यंत्राने सांगितले, की माझ्या अंगातल्या दर किलो पाण्यात मूळच्यापेक्षा ८५७ मिलिग्रॅम जड पाणी जास्त आहे. आता हिशेब शाळकरी आहे. तीस ग्रॅम म्हणजे तीस हजार मिलिग्रॅम. त्याला ८५७ ने भागले की आले ३५ किलो. पण ड्यूटेरियम थोडा अप्रामाणिक असतो. तो पाण्यातच राहत नाही, प्रथिनांतल्या हायड्रोजनशी जागांची अदलाबदल करतो, आणि त्यामुळे साठा सुमारे चार टक्क्यांनी फुगलेला दिसतो. म्हणून ३५ ला १.०४१ ने भागायचे. माझ्या अंगात ३३.६ किलो पाणी निघाले.

आता पाण्यावरून चरबीकडे यायचे. चरबीच्या थेंबात पाणी जवळजवळ नसतेच. सगळे पाणी स्नायू, रक्त, यकृत, कातडी अशा बिनचरबीच्या भागात असते, आणि त्या भागाचा ७३.२ टक्के हिस्सा पाण्याचा धरतात. ३३.६ ला ०.७३२ ने भागले, तेव्हा बिनचरबीचे वजन आले ४५.९ किलो. बासष्टातून ते वजा केले, आणि सोळा किलो चरबी कागदावर उतरली. म्हणजे शेकडा सव्वीस!

सडपातळ म्हणवणारा मी सोळा किलो चरबी अंगावर वागवीत होतो. पण त्या धक्क्यातून सावरल्यावर माझे मास्तरी मन जागे झाले. "हे ०.७३२ कुठून आले?" मी विचारले.

"१९४५ साली पेस आणि रॅथबन यांनी ते मांडले. मुख्यतः गिनी पिगच्या शरीरांच्या तपासणीवरून."

"म्हणजे माझी चरबी गिनी पिगच्या भरवशावर?"

"काही अंशी," तो म्हणाला. माणसांच्या मृतदेहांची प्रत्यक्ष तपासणी फारच थोड्या ठिकाणी झाली आहे. निरोगी प्रौढांत हा आकडा बहुधा ७३ च्या आसपासच राहतो, पण सर्वांत तोच राहील असे नाही. नवजात बाळात तो ऐंशीच्या आसपास असतो, गरोदर बाईत वाढतो, आणि ज्याच्या अंगावर सूज आहे त्याच्यातही वाढतो. सुजेचे पाणी हा हिशेब स्नायू म्हणून जमा करतो, आणि आजारी माणूस कागदावर धडधाकट दिसतो. माझ्यापुरते पाहायचे तर ०.७३२ ऐवजी ०.७४२ धरले, की चरबी सहाशे ग्रॅमने वाढते. एवढा फरक असला तरी सोळा किलोंचे दहा किलो काही होत नाहीत, आणि मी निमूट झालो.

सांडलेल्या थेंबाची गोष्ट मला अधिक मजेची वाटली. समजा, तिसातले दीड ग्रॅम सांडले आणि कुणाच्या लक्षात आले नाही. मग रंग फिका पडणार, अंगात पाणी जास्त दिसणार, आणि माझी चरबी सव्वीसवरून बावीस टक्क्यांवर येणार. दोन वेळच्या लाळेचे आकडे तरीही एकमेकांशी जुळतील. ही चूक ते पकडू शकत नाहीत. ती पकडायची तर ओघळलेले पाणी टिपून तो कागद लगेच तोलावा लागतो. दीड ग्रॅम सांडल्याने माणूस सडपातळ होतो, अशी ही विद्या आहे.

तरीही तिच्याइतकी भरवशाची पद्धत खेड्यापाड्यांत नेता येईल अशी दुसरी नाही. पुण्याच्या के.ई.एम.च्या मंडळींनी खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले पुरुष घेऊन चरबी मोजण्याच्या तीन पद्धतींची तुलना २००५ साली प्रसिद्ध केली, तिच्यात जड पाण्याची पद्धत होती. कातडीचा चिमटा आणि विजेचा सौम्य प्रवाह या इतर दोन. यंत्र प्रयोगशाळेतच राहते. खेड्यात फक्त बाटली जाते आणि परत कापूस येतो.

साखरेसाठी डॉक्टरांनी गोळी दिली, रोज तासभर चालणे सांगितले, आणि आठवड्यातून तीनदा वजने उचलण्याचा व्यायाम नेमून दिला. चाळिशी ओलांडलेला मराठीचा प्राध्यापक हातात लोखंड घेऊन कसा दिसतो, हे आमच्या सौभाग्यवतींना विचारावे. सहा महिन्यांनी मी काट्यावर उभा राहिलो. साडेएकसष्ट किलो! अर्ध्या किलोसाठी एवढा घाम गाळला म्हणून मी खट्टू झालो. भाच्याने पुन्हा लाळ घेतली, पुन्हा तीस ग्रॅम पाजले. या वेळी आकडा आला ८३०. हिशेब केला, तेव्हा पाणी ३४.७ किलो, बिनचरबीचे वजन ४७.४ आणि चरबी चौदा किलो निघाली.

"या मापनात एक-दोन टक्क्यांची चूक राहतेच," तो म्हणाला. "म्हणजे पाण्यात फार तर सहा-सातशे ग्रॅम. तुमचे पाणी अकराशे ग्रॅमनी वाढले आहे. आणि मामा, ते ०.७३२ तुमच्या बाबतीत थोडे चुकीचे असले, तरी दोन्ही वेळा सारखेच चुकीचे आहे. चरबी नेमकी किती, यापेक्षा ती किती बदलली, हे सांगताना ही पद्धत जास्त खरी बोलते. फक्त अंगावर सूज नको."

मी पायावर अंगठा दाबून पाहिला. खळगा पडला नाही. मग त्याला पुढच्या सहा महिन्यांची तारीख विचारली.