गळला की तुटला?

न्हाणं झालं की मी जाड टॉवेलने केस खसाखसा पुसत असे. शाळेची घाई! पुढे कपाळाशी आखूड केस उभे राहू लागले. केस गळतात असं समजून मी तेल बदललं. सासूबाईंनी उशीवरचा एक केस उजेडात धरला. "मुळाशी पांढरा ठिपका कुठाय? हा गळला नाही, तुटलाय."

ओला केस कमजोर असतो. टॉवेलच्या फासांत तो अडकतो, वरची खवलं उचकटतात आणि केस पिंजारतात. आता मी ह्यांचा जुना, मऊ सुती सदरा घेते. केस त्यात नुसते दाबायचे, चोळायचे नाहीत. मग सैल गुंडाळून वीसेक मिनिटं ठेवायचे. पीळ घट्ट बसला तर कपाळाशीच ताण येतो, आणि बटणं बाहेरच्या बाजूला हवीत. उरलेले केस मोकळे सोडून वाऱ्यावर वाळवते. तुटलेला केस काही सांधत नाही, पण तीनेक महिन्यांनी उशीवर तुकडे कमी दिसू लागले.

सकाळच्या पाळीला मुली ओल्याच केसांच्या वेण्या रिबिनीने आवळून येतात. दोन घट्ट वेण्यांचा नियम माझाच. ज्या दिवशी न्हाणं असेल, त्या दिवशी केस वाळेपर्यंत एक सैल वेणी चालेल.