कालपटावरील एक जागा

परवां सकाळीं पूजा आटोपून मी वर्तमानपत्र घेऊन बसलों होतों, इतक्यांत माझी सातवींतली पुतणी वहिनींचा मोबाईल हातांत घेऊन आली. आदल्या दिवशीं तापामुळें ती शाळेंत गेली नव्हती, म्हणून मैत्रिणीनें इतिहासाच्या अभ्यासपत्रिकेचें छायाचित्र पाठविलें होतें. पत्रिकेंत सात घटना उलटसुलट क्रमानें दिल्या होत्या. त्या एका रेषेवर कालानुक्रमें मांडावयाच्या, आणि प्रत्येकीपुढें 'ही येथेंच कां?' याचें कारण एका वाक्यांत लिहावयाचें. आमच्या एकत्र कुटुंबांत इतिहासाचा जाणता म्हणून माझी थोडीशी ख्याति आहे. त्यामुळें "काका, तुम्हींच सांगा ना," हा आग्रह मला मनांतून आवडलाच.

घटना सगळ्या आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या आसपासच्या होत्या: बीबीका मकबरा पुरा झाला, मुहम्मद तुघलकानें राजधानी देवगिरीस आणली, १३२७, ज्ञानेश्वरी लिहून झाली, १२१२, मलिक अंबरानें खडकी वसविली, १६१०, वेरुळचें कैलास लेणें, अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवर स्वारी, आणि हैदराबाद संस्थानाचें भारतांत विलीनीकरण. तिघींचीं वर्षें छापलेलीं होतीं, बाकीचीं आपण शोधावयाचीं.

प्रथम आम्हीं रेषा आंखली. इ. स. ७५० ते १९५० हीं बाराशें वर्षें चोवीस सेंटिमीटरांत बसविलीं, म्हणजे एक सेंटिमीटर बरोबर पन्नास वर्षें. मुलें बहुधा घटना नुसत्या एकीखालीं एक लिहून मोकळीं होतात. परंतु प्रमाण धरल्यावांचून दोन घटनांमधलें अंतर डोळ्यांना दिसत नाहीं. तें प्रमाण धरल्याचा लाभ आम्हांला पुढें झाला.

कैलास लेणें सर्वांत आधीं, हें तिनेंच सांगितलें. परंतु टिंब कोठें द्यावयाचें? तें लेणें राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कारकीर्दीशीं जोडलें जातें, आणि ती साधारण ७५६ ते ७७३ अशी. अखंड डोंगर वरून खालीं खोदीत नेण्याचें काम एका वर्षाचें नव्हे. म्हणून आम्हीं टिंब न देतां पहिल्या अर्ध्या सेंटिमीटरांत एक लहानशी पट्टी रंगविली. कारण लिहिलें, 'राजाची कारकीर्द ठाऊक, वर्ष ठाऊक नाहीं.'

खिलजीची स्वारी १२९६ ची. ती तुघलकाच्या आधीं कां? पुतणी म्हणाली, "१२९६ हा आंकडा लहान आहे म्हणून." मीं म्हटलें, हें कारण नव्हे, ही वजाबाकी झाली. कारण असें कीं, परक्याच्या मुलखांत कोणी आपली राजधानी नेत नाहीं. आधीं स्वारी आणि खंडणी, मग यादवांचें राज्य दिल्लीच्या ताब्यांत जाणें, आणि त्यानंतरच तुघलकाला देवगिरीचें दौलताबाद करून तेथें दिल्लीकरांना आणतां आलें.

मकबऱ्याच्या बाबतींत तिनें एका प्रवासी-पुस्तिकेंतून १६५१ हें वर्ष काढून आणलें. मीं विचारलें, "ही कबर कोणाची?" "औरंगजेबाच्या बेगमेची, दिलरास बानूची." "ती केव्हां वारली?" शोधून पाहतां वर्ष निघालें १६५७. मग तिच्या मरणाआधीं सहा वर्षें तिच्या कबरेचें काम कसें चालूं असेल? आम्हीं बांधकामाच्या समाप्तीचें १६६०-६१ हें वर्ष धरलें. मलिक अंबराची खडकी त्याच्या आधीं, कारण तेंच गांव पुढें वाढून औरंगजेबाच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें आणि त्या शहराजवळ ही वास्तु उभी राहिली. विलीनीकरण १७ सप्टेंबर १९४८ चें, रेषेच्या अगदीं टोकाशीं. त्याचें कारण सांगावयास घरांत कोणाला पुस्तक लागलें नाहीं.

उरली ज्ञानेश्वरी. १२१२ हा आंकडा छापलेलाच होता, म्हणून मीं फार विचार न करतां सव्वानऊ सेंटिमीटरांवर शाईनें टिंब दिलें आणि कारण सांगितलें, 'खिलजीच्या स्वारीपूर्वीं, यादवांच्या राज्यांत.' क्रम निर्दोष दिसत होता.

झोपाळ्यावर आई जपमाळ घेऊन बसली होती. ती सहज म्हणाली, "यादवांच्या राज्यांत खरें; पण कोणत्या यादवाच्या? ग्रंथाच्या शेवटीं रामचंद्र राजाचें नांव आहे ना रे? तो त्या वेळीं होता का?"

मी निरुत्तर झालों. रामचंद्र यादव गादीवर आला १२७१ च्या सुमारास. १२१२ मध्यें देवगिरीस सिंघण यादव राज्य करीत होता. जो राजा आणखी साठ वर्षांनीं गादीवर यावयाचा, त्याचें नांव ग्रंथांत कसें येईल? आंकडा छापील, परंतु कारण त्याला आपल्या जागीं बसूं देईना.

तेव्हां मीं छायाचित्र पुन्हां मोठें करून पाहिलें. कागद मांडीवर वांकडा धरून काढलें होतें. डावी कड आंत वळली होती आणि तिच्यावर बोटाची सांवली पडली होती. आंकड्याच्या आधीं एखादा शब्द असावा असें वाटलें. पुतणीनें मैत्रिणीस निरोप धाडला, कीं कागद खिडकीजवळ जमिनीवर सपाट ठेव आणि मोबाईल त्याच्या अगदीं वर आडवा धरून पुन्हां काढ. दहा मिनिटांनीं दुसरें चित्र आलें, आणि सांवलीखालचा शब्द स्पष्ट झाला: 'शके'.

शके १२१२ मध्यें ७८ मिळविले म्हणजे इ. स. १२९० येतें. (जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतची तिथि असेल तर ७९ मिळवावे लागतात, कारण इंग्रजी वर्ष त्यापूर्वींच बदललेलें असतें.) रामचंद्र राजा त्या वेळीं गादीवर होता, आईची शंका फिटली. मीं आपल्या हातानें पहिलें टिंब खोडून दुसरें दिलें, १०.८ सेंटिमीटरांवर.

आणि मग रेषेकडे पाहून मी क्षणभर गप्प झालों. क्रम तोच राहिला होता, एकही घटना मागेंपुढें झाली नव्हती. नुसता क्रम तपासणाऱ्याला माझी चूक कधींच सांपडली नसती. परंतु पहिलें टिंब खिलजीच्या स्वारीपासून पावणेदोन सेंटिमीटर दूर, सुखाच्या दिवसांत निवांत बसलें होतें. आतांचें टिंब तिच्यापासून जेमतेम एक मिलिमीटरावर होतें. नेवाशास ती टीका पुरी झाली, आणि अवघ्या सहा वर्षांत देवगिरीच्या तटाखालीं खिलजीची फौज येऊन उभी राहिली. परंपरेप्रमाणें ज्ञानेश्वरांची समाधि शके १२१८ च्या कार्तिकांतली, म्हणजे तीही १२९६ चीच! स्वारी त्या इंग्रजी वर्षाच्या आरंभींची, समाधि अखेरीची. एवढ्या वर्षांत हीं दोन सालें माझ्या डोक्यांत दोन निरनिराळ्या पुस्तकांत पडून होतीं. तीं एका ठिकाणीं आलीं तीं या मुलीच्या रेषेवर.

पुतणीनें ज्ञानेश्वरीपुढचें माझें कारण खोडलें आणि स्वतःच्या अक्षरांत लिहिलें, 'ग्रंथांत रामचंद्र राजाचें नांव आहे, म्हणून १२७१ नंतर; वर्ष शकाचें आहे, म्हणून ७८ मिळविले.' खालीं थोडी जागा उरली होती. तेथें तिनें मला न विचारतां भर घातली, 'हें आजीनें ओळखलें.'

ती ओळ मी खोडूं दिली नाहीं.