भुशातले ७० अंश

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला उष्णतावहनाच्या प्रयोगशाळेत आम्हाला लॅग्ड पाइपचा प्रयोग होता. पाइपच्या आत हीटर, पाइपभोवती लाकडाचा भुसा गच्च भरलेला आणि बाहेरून पत्र्याचं आवरण. भुसा २५ मिलिमीटर त्रिज्येपासून ७५ मिलिमीटरपर्यंत होता. पाइपच्या पृष्ठभागावर, भुशात बरोबर मध्ये म्हणजे ५० मिलिमीटरवर आणि भुशाच्या बाहेरच्या कडेला अशी तीन थर्मोकपल बसवलेली होती.

भुसा तापायला काही तास गेले. आकडे हलायचे थांबल्यावर मी नोंद केली: आत १२०, बाहेर ४०, मध्ये ७०. मी घरून समीकरण मांडून आलो होतो आणि माझ्या हिशेबाने मध्ये ८० यायला हवे होते. मला वाटलं, मधलं थर्मोकपल बिघडलंय. पण हीटर लावण्याआधी तिन्ही थर्मोकपल खोलीचंच तापमान, ३० अंश, दाखवत होती. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "थर्मोकपल राहू दे. तुझं समीकरण फळ्यावर मांड."

मी भुशातलं एक पातळ कवच काढलं: आतली त्रिज्या r, जाडी dr, लांबी L. एका चौरस मीटरमधून आत शिरणारी उष्णता वजा बाहेर पडणारी उष्णता, असा तोल मी लिहिला. आकडे स्थिरावल्यामुळे साठणारी उष्णता शून्य, म्हणून तापमानाचा दुसरा डेरिव्हेटिव्ह शून्य. म्हणजे सरळ रेषा, म्हणजे मध्ये ८०.

सरांनी विचारलं, "कवचाचा आतला पृष्ठभाग आणि बाहेरचा पृष्ठभाग सारखाच आहे का?"

नव्हता. आतला 2πrL, बाहेरचा 2π(r+dr)L. चौरस मीटरमागच्या उष्णतेचा तोल सपाट भिंतीत चालतो, कारण तिथे दोन्ही बाजूंचं क्षेत्रफळ एकच असतं. इथे तोल पूर्ण वॅटचाच मांडायला हवा होता. मी पुसून पुन्हा लिहिलं. k ही भुशाची उष्णतावाहकता, T तापमान:

Q = −k · 2πrL · ∂T/∂r

कवचात शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या Q मधला फरक म्हणजे −(∂Q/∂r)dr. तेवढी उष्णता कवचात साठते. कवचाचं घनफळ 2πrL dr, घनता ρ आणि विशिष्ट उष्मा c, म्हणून साठा ρc · 2πrL dr · ∂T/∂t. दोन्ही बाजूंना 2πrL dr ने भागलं:

ρc ∂T/∂t = (1/r) ∂/∂r (k r ∂T/∂r)

कंसातला r उष्णता वाहण्याच्या क्षेत्रफळातून आला, बाहेरचा 1/r घनफळातून. मधे डेरिव्हेटिव्ह असल्यामुळे ते एकमेकांना कापत नाहीत. माझ्या पहिल्या मांडणीत नेमकं (1/r)∂T/∂r हे पद हरवलं होतं. पदार्थातच उष्णता तयार होत असेल, जसं वीज वाहणाऱ्या तारेत, तर उजवीकडे दर घनमीटरमागची ती उष्णता मिळवायची. भुशात तसं काही नव्हतं.

स्थिर स्थितीत डावी बाजू शून्य. म्हणजे r ∂T/∂r कायम, आणि T = A ln r + B. त्रिज्या २५ वरून ५० झाली की ln 2, ७५ झाली की ln 3. दोघांचं गुणोत्तर ०.६३. एकूण ८० अंशांच्या उतारापैकी मध्यापर्यंत साधारण ५० अंश उतरले, उरले ७०. थर्मोकपल बरोबर होतं.

मग A आणि B चा प्रश्न आला. मी दोन्ही कडांची मोजलेली तापमानं घातली होती. ही पहिल्या प्रकारची सीमा-अट. सर म्हणाले, "आतलं थर्मोकपल नसतं तर?" हीटरची शक्ती माहीत होती, मीटरमागे ३२ वॅट. तेव्हा r = २५ मिलिमीटरला Q = 32L लिहायचं; ही दुसऱ्या प्रकारची, उष्णताप्रवाहाची अट. बाहेर हवेचं तापमान माहीत असेल तर तिसरा प्रकार: भुशातून कडेला पोचणारी उष्णता हवा नेईल तेवढीच असते.

−k ∂T/∂r = h (T − T∞)

T∞ म्हणजे हवेचे ३० अंश. बाहेरच्या कडेला ३२ वॅटना मीटरमागे 2π × ०.०७५ चौरस मीटर मिळतात, म्हणजे दर चौरस मीटरला ६८ वॅट. हवेशी फरक १० अंशांचा, म्हणून h सुमारे ६.८. शांत हवेत असा पृष्ठभाग साधारण एवढीच उष्णता देतो. आतल्या कडेला तेच ३२ वॅट तिप्पट दाटीने, चौरस मीटरला २०४ वॅट, जात होते. म्हणूनच उतार आत तीव्र होता.

"दोन्ही कडांना उष्णताप्रवाहच दिला तर?" मी करून पाहिलं. दोन्ही अटी A बद्दलच बोलत होत्या, B हाती लागेना. सगळ्या भुशाचं तापमान शंभर अंशांनी वाढवलं तरी उतार तोच राहतो. स्थिर स्थितीत निदान एका कडेला तरी तापमानाचा उल्लेख हवाच, थेट किंवा हवेच्या मार्फत.

आता मी स्वतः हा प्रयोग शिकवतो. विद्यार्थी कवच काढतात तेव्हा पहिल्या ओळीचं एककच आधी पाहतो. तिथे वॅट असतील तर पुढे ७० येतात.