८.२ आणि १.३ ची सरासरी

जर्मनीत मास्टर्स संपत आलं होतं. नोकरीच्या अर्जासाठी मी एक्सेलमध्ये सरासरी काढली: पुण्याचा सीजीपीए ८.२, इथला ग्रेड १.३. उत्तर ४.७५. रूममेटचे ८.२ आणि ३.७, म्हणून त्याला ५.९५. मी खूश, मी पुढे! मग आठवलं, जर्मनीत ४.० च्या पुढे नापास. या हिशेबाने आम्ही दोघंही गेलो.

आधी दिशा एक करायला हवी होती. बव्हेरियन सूत्रात कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, कमाल आणि पासिंगमधल्या फरकाने भागायचं, ३ ने गुणून १ मिळवायचा. पासिंग ४ धरून १.८ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे १.९. आता माझी सरासरी १.६, त्याची २.८. पासिंग ५ असतं, तर १.९ चे २.०८ झाले असते. त्यामुळे अर्ज पाठवण्याआधी मी मार्कशीटच्या मागचा पासिंगचा आकडा दोनदा वाचला.